पाण्यातली झाडं, बांध आणि चिखल: फोटो नेमका कुठला?

प्रश्न: फोटोत झाडं थेट पाण्यात उभी आहेत आणि मुळं वर आलेली दिसतात. म्हणजे खारफुटीच ना?

बहुतेक वेळा हो, पण मुळं नीट बघितल्याशिवाय नको. गोव्यात वर आलेली मुळं गोड्या पाण्यातही सापडतात. सत्तरीत बांबर इथल्या निरंकाराच्या राईत रानजायफळाच्या कुळातली झाडं बारमाही ओल्या दलदलीत उभी आहेत. त्यांची मुळं गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर येतात आणि पुन्हा आत शिरतात. नुसता मुळांचा फोटो काढला तर खाडी आणि राई यांत गल्लत होणं अगदी सहज शक्य आहे.

म्हणून आधी झाड ओळखा. तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीएवढ्या बारीक, सरळ उभ्या काड्यांचं शेत दिसतं, आणि पानांची खालची बाजू फिकट, रुपेरी असते. वारा सुटलेला असताना काढलेल्या फोटोत सगळी झाडी राखाडी झाक मारते. चिपीच्या काड्या जाड असून टोकाकडे निमुळत्या होत जातात. कांदळाची मुळं खोडातून कमानीसारखी सुटून पाण्यात उतरतात.

मग भरतीची खूण शोधा. खाडीकाठी झाडीची खालची कड बऱ्याचदा कातरल्यासारखी एका सरळ रेषेत दिसते, कारण तिथवर रोज पाणी चढतं. त्या रेषेखाली मुळांवर वाळलेल्या गाळाचा फिका थर असतो आणि पुष्कळदा कालवं चिकटलेली असतात. राईत यातलं काहीच नसतं. तिथे मुळांवर शेवाळ, खाली कुजलेला पाचोळा, वर उंच जंगलाची सावली आणि पाणी बहुधा नितळ. फोटोत आकाश जवळजवळ दिसत नसेल तर पहिला संशय राईचाच घ्यावा.

प्रश्न: पाण्याकाठी झाडं नाहीत, नुसता बुटका हिरवा-तांबडा गालिचा आहे. असं गोव्यात असतं का?

असतं, पण पट्ट्यापट्ट्यांनी. मिठागरांच्या कडेला आणि खाजनातल्या, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीतल्या, पडीक तुकड्यांवर मोरस आणि तिच्यासारख्या जाड, रसाळ पानांच्या वनस्पती जमिनीलगत पसरतात आणि उन्हाळ्यात तांबूस होतात. खाडीच्या चिखलात भातासारखं दिसणारं एक गवतही उगवतं. ते भरतीत पूर्ण बुडतं आणि ओहोटीला गाळाने माखलेलं वर येतं. भात असतं तर रोपांच्या ओळी किंवा वाफ्यांचे बांध दिसले असते.

मात्र फोटोत क्षितिजापर्यंत एकही झाड नसेल आणि त्या सपाटीतून पाण्याचे चर नागमोडी फिरत असतील, तर तो गोव्याचा असण्याची शक्यता फार कमी. असे विस्तीर्ण खारे गवताळ पट्टे मुख्यतः थंड प्रदेशात आढळतात, उदाहरणार्थ उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. कडाक्याच्या थंडीत गोठून खारफुटीची रोपं मरतात, त्यामुळे तिथली जागा गवताला मोकळी मिळते. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्नच नाही. भरतीचा चिखल मोकळा राहिला की तिवर आणि चिपी तिथे शिरतात आणि त्यांच्या सावलीत ही बुटकी झाडोरी मागे हटते. भारतातलाच मोठा खारा, जवळजवळ झाडाविना पट्टा हवा असेल तर आधी गुजरातकडे बघा.

प्रश्न: जानेवारीतला फोटो आहे. मोठं पाणी, पांढरे बगळे, मधून माडांचा बांध, डाव्या कोपऱ्यात चिऱ्यांचं लहानसं बांधकाम. पाठवणारा म्हणतो करमळीचं तळं. खरं का?

बगळ्यांवरून काहीच ठरत नाही, ते करमळीसारख्या गोड्या तळ्यातही येतात आणि खाजनातही. बांधावरूनही नाही, कारण करमळीच्या तळ्यालाही बांध आहे. निकाल लागतो तो बांधाच्या दोन्ही बाजूंच्या पाण्यावरून.

फोटो मोठा करून बघा. उजवीकडचं पाणी बांधाच्या कडेपर्यंत भरलेलं आणि संथ आहे. डावीकडे पाणी बरंच खाली गेलंय, ओला चिखल उघडा पडलाय आणि बांधाच्या दगडांवर एका उंचीवर काळपट पट्टा उमटलाय. एकाच क्षणी बांधाच्या अल्याड-पल्याड पाण्याची पातळी वेगळी आणि एका बाजूला भरतीचा डाग, म्हणजे हे खाजन. डावीकडे नदी किंवा खाडी, उजवीकडे आत धरलेलं पाणी. गोव्यात उधाणाच्या भरती-ओहोटीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो, त्यामुळे ओहोटीच्या फोटोत हा भेद लपत नाही. भरतीच्या फोटोत मात्र दोन्ही पाणी सारखं दिसू शकतं आणि फसगत होते ती तिथेच.

आता ते चिऱ्यांचं बांधकाम. त्यात उभ्या लाकडी फळ्या दिसतात, म्हणजे ती मानस. नदीचं पाणी चढलं की त्याच्या दाबाने फळ्या बंद होतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. मानशीच्या नदीकडच्या अंगाला तिवराची झुडपं आहेत, हा तिसरा पुरावा.

करमळीचं तळं असतं तर उथळ पाण्यात मूळ धरलेली गोड्या पाण्याची वनस्पती दिसायला हवी होती: पाण्यावर टेकलेली कुमुदाची पानं, पाणकणीस, देवभाताचे पुंजके. कोकण रेल्वेचा मार्गही या तळ्याच्या अगदी लगत आहे, त्यामुळे रुंद फोटोत रुळांचा भराव मिळाला तर ओळख पक्की होते. कुडचड्याजवळचं नंदा तळं, 2022 मध्ये रामसर यादीत आलेलं गोव्यातलं पहिलं पाणथळ, तेही गोड्या पाण्याचंच. तिथेही खाडीची झाडं शोधू नका.

इथवर फोटो खाजनाचा ठरला, पण कुठल्या खाजनाचा ते अजून ठरलेलं नाही. त्यासाठी गूगल अर्थमध्ये तिसवाडी, चोडण, दिवाडीचे बांध चाळा आणि चार गोष्टी जुळवा: बांधाचा बाक, मानशीची बाजू, माडांची रांग कुठे तुटते ते, आणि मागच्या डोंगराची कड. एकच खूण जुळली तर थांबू नका, सरळ बांध आणि माड शंभर ठिकाणी आहेत. उपग्रहचित्र मे महिन्याचं घ्या. तेव्हा शेतं वाळून तपकिरी होतात आणि खारफुटी हिरवीच राहते, त्यामुळे नदीकडची कड झटकन उठून दिसते. फोटोची वेळ ठाऊक असेल तर त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढा. त्या वेळी भरती असल्याचं कोष्टक सांगत असेल आणि फोटोत मात्र चिखल उघडा असेल, तर तारीख किंवा वेळ चुकीची आहे.

प्रश्न: पाण्यावर जलपर्णी तरंगतेय, म्हणजे पाणी गोडंच, बरोबर?

पावसाळ्यात तसं म्हणता येत नाही. तेव्हा मांडवीसारख्या नदीत वरून इतकं गोडं पाणी येतं की खाडीचा खारटपणा फार उतरतो, आणि तळ्यांतून व ओहोळांतून सुटलेली जलपर्णी वाहत थेट खारफुटीत येऊन अडकते. पुढे पाणी पुन्हा खारं झालं की ती पिवळी पडून मरते. म्हणून जे तरंगत आलंय त्याला पुरावा मानू नका, जे मूळ धरून आहे त्यावरून ठरवा. जलपर्णीच्या मागे तिवर उभा असेल तर जागा खाडीचीच.

नदीच्या वरच्या अंगाला मात्र चिपी आणि पाणकणीस खरंच शेजारी-शेजारी वाढतात. तिथे ओढूनताणून एक नाव देऊ नका. खारं आणि गोडं पाणी ऋतूप्रमाणे पुढेमागे सरकणारा तो पट्टा आहे असंच नोंदवा, आणि शोध नदीच्या मुखाऐवजी बराच आत, वळणांच्या भागात सुरू करा.