गॅपनंतर पगार ठरवताना जुना आकडा मध्ये आणू नका

प्रश्न: नऊ वर्षांच्या गॅपनंतर अकाउंट्समध्येच परत नोकरी धरतेय. आधी आठ वर्षांचा अनुभव आहे. एचआर म्हणतात, शेवटचा पगार सांगा, त्यावर ३० टक्के वाढवून देऊ. हे बरोबर आहे का? किती मागू आणि कसं मागू?

उत्तर:

बरोबर नाही. ३० टक्के ऐकायला घसघशीत वाटतं, पण ते कशावर ३० टक्के आहेत ते पाहा.

तुमचा शेवटचा वार्षिक पगार १०० होता असं धरू. त्याच पदाचा बाजारातला पगार दर वर्षी ७ टक्क्यांनी वाढला असेल, तर नऊ वर्षांत तो १८४ झाला. तुम्हाला मिळणार १३०. म्हणजे वाढ म्हणून जे देतायत ते आजच्या भावापेक्षा जवळजवळ ३० टक्के कमी आहे. तुमच्याकडे पगार इतके वाढले नसतील, वर्षाला ४ टक्केच वाढले असतील, तरी त्या खुर्चीचा आजचा पगार १४२ होतो आणि १३० कमीच पडतात. हा हिशोब फक्त त्याच खुर्चीचा आहे. तुमच्या बरोबरीचे जे टिकून राहिले ते एव्हाना वरच्या खुर्चीवर गेले असतील, त्यांच्याशी तुलना मी करतच नाहीये.

मी बरीच वर्षं एचआरमध्ये पगारश्रेण्या ठरवणाऱ्या टीमला होते, म्हणून आतून हे कसं चालतं ते सांगते. थोड्या मोठ्या कंपनीत प्रत्येक पदाला एक ग्रेड असते आणि ग्रेडला एक बँड: किमान, मध्य, कमाल. साधारण पद्धत अशी की किमान आकडा मध्याच्या ८० टक्के आणि कमाल १२० टक्के. ते पद पूर्ण सांभाळू शकणारा माणूस मध्याच्या आसपास घेतला जातो, ज्याला थोडं शिकून घ्यावं लागणार तो खालच्या भागात. रिक्रूटर तुम्हाला शेवटचा पगार विचारतो तेव्हा हा बँड त्याला आधीच माहीत असतो. मग विचारतो कशाला? एक तर फॉर्ममध्ये तो रकाना असतो, आणि दुसरं म्हणजे जुना आकडा कमी निघाला तर बजेट वाचतं. अशाने जुनी तफावत नव्या नोकरीत चिकटून येते हे आता कायद्यांनीही ओळखलंय. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन-पारदर्शकता निर्देशात उमेदवाराला आधीचा पगार विचारायला मनाई आहे आणि पदाची पगाररेंज त्याला आधी सांगणं बंधनकारक आहे. तुमच्याकडे असा नियम नसेल, तरी रेंज विचारायला कोणी अडवत नाही.

आता तुमची केस आकड्यांत मांडू. बँडचा मध्य १८५ धरला, तर किमान १४८ आणि कमाल २२२. १३० कुठे बसतात? बँडच्या बाहेर, खाली. म्हणजे दोनच शक्यता: एक तर तुम्हाला खालच्या ग्रेडला टाकलंय, नाहीतर ऑफर देणाऱ्याने बँड पाहिलेलाच नाही. म्हणून पगाराच्या आधी हे विचारा: "मला कोणत्या ग्रेडला घेताय, आणि माझ्यासारखंच काम करणारे बाकीचे त्याच ग्रेडला आहेत का?" उत्तर देताना एचआर अडखळले तर काय चाललंय ते कळतं.

गॅपची किंमत शून्य असते असं मी म्हणणार नाही. ती असते, फक्त मोजून घ्यायची. अकाउंट्समध्ये नऊ वर्षांत काय बदललं? सॉफ्टवेअर बदललं, विवरणपत्रं भरण्याची पद्धत बदलली, आणि जिथे आंतरराष्ट्रीय मानकं चालतात तिथे आयएफआरएस १५ (महसूल कधी दाखवायचा) २०१८ पासून आणि आयएफआरएस १६ (भाडेकरार ताळेबंदात आणणं) २०१९ पासून लागू झालं. हे शिकायला काही महिने लागतात. पण महिनाअखेर पुस्तकं बंद करणं, बँकेशी मेळ घालणं, शंभर नोंदींत एक विचित्र नोंद डोळ्याला खुपणं हे विसरत नाही, आणि त्याचेच पैसे असतात.

धरा की पहिले सहा महिने तुमच्याकडून ७० टक्के काम निघेल. म्हणजे अर्ध्या वर्षात ३० टक्के तूट, वर्षाच्या हिशोबाने १५ टक्के. १८५ मधून १५ टक्के वजा केले की १५७ उरतात. गॅपची रास्त वजावट ही एवढीच, आणि तीही पहिल्या वर्षापुरती. त्यामुळे मी तुमच्या जागी १७० मागितले असते, १५७ ला मान्य केलं असतं आणि १४८ च्या खाली गेले नसते.

१५७ आणि १३० मधला फरक फक्त २७ चा दिसतो. पण पुढची प्रत्येक वाढ टक्क्यांत मिळते. दोन्हींवर ७ टक्के चढवत गेलात तर पाच वर्षांत एकूण फरक १५५ होतो, म्हणजे १३० च्या नोकरीचा वर्षभराचा पगार आणि वर थोडं. म्हणूनच जॉइनिंग बोनस देऊन मूळ पगार कमी ठेवायची ऑफर आली की मी सावध होते. बोनस एकदा येतो आणि पुढच्या वाढीच्या हिशोबात धरला जात नाही.

बँडचा अंदाज घ्यायला त्याच पदाच्या जाहिराती पाहा, काहींत रेंज दिलेली असते. शिवाय आज ते काम करणाऱ्या दोन-तीन जणांना विचारा. "तुला किती मिळतो?" असं विचारलं की माणूस आखडतो. "आठ वर्षं अनुभवाच्या माणसाला या पदावर साधारण काय मिळायला हवं?" असं विचारलंत तर मोकळेपणाने सांगतात. अनुभव सांगताना आठच वर्षं सांगा. गॅपने त्यात भर पडत नाही, तशी त्यातून वजाबाकीही होत नाही.

फोनवरचं बोलणं साधारण असं ठेवा.

"मॅडम, लास्ट ड्रॉन सॅलरी?"

"तो आकडा नऊ वर्षांपूर्वीचा आहे, त्यावरून आजच्या पदाचा अंदाज येणार नाही. या पदासाठी तुम्ही रेंज काय ठेवलीय?"

आणि मग थांबा. पुढचं वाक्य त्यांना बोलू द्या. बहुतेक जण इथे घाबरून ती शांतता स्वतःच भरून काढतात: "म्हणजे तसं थोडं कमी-जास्त चालेल हो, मला परत सुरुवात करायचीय." हे सगळ्यात महाग पडणारं वाक्य आहे. समोरच्याने सूट मागितलेलीच नव्हती. गॅप का घेतला हे इंटरव्ह्यूत एका वाक्यात सांगून झालेलं असतं, पगाराच्या बोलण्यात ते पुन्हा आणू नका. तिथे कारण सांगितलं की ते सवलतीचा अर्ज वाटतं.

ऑनलाइन फॉर्ममध्ये रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नसेल तर खरा आकडा लिहा आणि शेजारी साल लिहा. आकडा फुगवू नका. नेमणुकीच्या वेळी पगारपत्रकं तपासतात, आणि खोटं सापडलं की आलेली ऑफरही जाते.

आकड्याची खरी बोलणी ऑफर तोंडी आल्यावर आणि पत्र निघायच्या आधी करायची. तोवर त्यांनी तुम्हाला निवडलेलं असतं आणि पुढच्या उमेदवाराकडे जायचा त्यांनाही कंटाळा आलेला असतो. शक्य झालं तर एचआरशी नाही, ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्यांच्याशी बोला. रिक्रूटरला बजेट सांभाळायचं असतं, मॅनेजरला महिनाअखेर. "पहिले काही महिने मला नवीन सिस्टिम शिकायला लागतील, ते धरून मी मध्याच्या १५ टक्के खाली यायला तयार आहे. बँडच्या किमान आकड्याखाली मात्र ग्रेडच बदलते," इतकं बोललात तरी पुरे. तुम्ही स्वतः वजावट करून आलात हे पाहिल्यावर समोरच्याला आणखी कापायला कारण शोधावं लागतं.

"सध्या बजेट नाही, सहा महिन्यांनी बघू" हे उत्तर येणारच. ते नाकारू नका, पण ऑफर लेटरमध्ये घ्या आणि नीट घ्या. "कामगिरीनुसार पगाराचा विचार केला जाईल" या वाक्याला काही अर्थ नाही, कारण विचार करून नकार देता येतो. पत्रात तारीख हवी, आकडा हवा आणि अट हवी. उदाहरणार्थ: अमुक तारखेपर्यंत दोन महिनाअखेर क्लोज स्वतंत्रपणे पूर्ण केल्यास पगार १४८ वरून १७० होईल, निर्णय अमुक पदावरील व्यक्ती घेईल. पद लिहून घ्या, कारण सहा महिन्यांत शब्द देणारा माणूस बदललेला असतो. एचआर हे लिहून द्यायला तयार नसतील तर ती वाढ मिळणार नाही असं धरूनच १४८ परवडतात का ते ठरवा. गॅपनंतर परतणाऱ्यांसाठी काही कंपन्या तीन-सहा महिन्यांचा ट्रायल कार्यक्रम ठेवतात, तिथेही हेच मागा: कायम झाल्यावर ग्रेड कोणती, पगार किती. आधी ठरलं नसेल तर कायम होताना ट्रायलचा पगारच "शेवटचा पगार" म्हणून पुढे येतो.

ग्रेड खालची देत असतील आणि काम खरंच खालचं असेल, म्हणजे फक्त बिलं चढवायची, क्लोज दुसरा कोणी करणार, तर कमी पगार रास्त आहे. मग वरच्या कामात कधी घेणार तेवढं विचारून ठेवा. काम तेच आणि ग्रेड खालची असेल तर मी ती ऑफर घेतली नसती, निदान दुसरीकडचा एक इंटरव्ह्यू होईपर्यंत तरी. आणि तुम्ही म्हणताय ती कंपनी पंधरा-वीस माणसांची असेल तर तिथे बँड-ग्रेड काही नसतं. मालक म्हणेल तो पगार. तिथे बाजारातला आकडा आणि वरची १५ टक्क्यांची मांडणी थेट मालकासमोरच ठेवावी लागेल.