झोलाच्या वीस कादंबऱ्या कुठून वाचायला घ्याव्यात?

प्रश्न: "एमिल झोलाची वीस कादंबऱ्यांची मालिका पहिल्यापासूनच वाचावी लागते का? मला खरे तर फक्त 'जर्मिनाल' वाचायची आहे."

'जर्मिनाल' बेलाशक वाचायला घ्या. १८८५ साली आलेली ही मालिकेतली तेरावी कादंबरी आहे, पण आधीच्या बारांपैकी एकही न वाचता ती समजते. १८७१ ते १८९३ या काळात आलेल्या या वीस पुस्तकांत एकच कथानक पुढे सरकत नाही. रूगाँ-माकार या कुळातली माणसे झोलाने निरनिराळ्या पुस्तकांत वाटून दिली आहेत, आणि कुठे कोळशाची खाण, कुठे रेल्वे, कुठे शेअरबाजार असे प्रत्येक पुस्तकाचे जग स्वतंत्र आहे.

एके ठिकाणी मात्र काहीतरी हुकल्यासारखे वाटेल. खाणीतल्या पहिल्याच पाळीत, मधल्या सुट्टीत, कातरिन ही खाणकामगार मुलगी आपल्या पावातला अर्धा कादंबरीचा नायक एतिएन याला देते आणि तो तिला सांगतो, की दारूचे दोन छोटे पेले पोटात गेले तरी आपल्याला माणूस खावासा वाटतो आणि नंतर दोन दिवस आपण आजारी पडतो. नव्या वाचकाला हा केवळ विक्षिप्तपणा वाटतो. 'लासोम्वार' (१८७७) वाचलेल्याला त्याची आई जर्वेझ आठवते: पॅरिसमधली कष्टाळू धोबीण, जिच्या घराची दारूने राखरांगोळी होते. म्हणून जोडीला एकच पुस्तक घ्यायचे असेल, तर ते हेच घ्या. मी ही दोन उलट्या क्रमाने वाचली आणि पस्तावलो नाही. बारा वर्षांचा एतिएन कामाला लीलला निघतो, तो एरवी नजरेतून निसटणारा प्रसंग मला चटका लावून गेला.

प्रकाशनक्रम काटेकोरपणे पाळणाराही एकदा गोंधळतोच. 'लासोम्वार'मध्ये जर्वेझ क्लोद आणि एतिएन या दोनच मुलांना घेऊन पॅरिसला येते, आणि 'ला बेत युमेन'मध्ये (१८९०) झाक नावाचा तिचा आणखी एक मुलगा अचानक उपटतो. त्या कथेसाठी झोलाला तो नंतर हवा झाला. बापाच्या नात्यातल्या एका बाईने त्याला गावी वाढवले, अशी सोय त्याने लावली.

सुटे वाचू नये असे माझ्या मते एकच पुस्तक आहे, ते म्हणजे शेवटचे 'डॉक्टर पास्काल' (१८९३). त्यातला डॉक्टर स्वतःच्या कुळाच्या आनुवंशिकतेची टिपणे जमवत असतो, त्यामुळे आधीच्या कादंबऱ्यांचे शेवट तिथे भराभर सांगितले जातात. ज्याने त्या वाचल्या नाहीत, त्याला ती अनोळखी माणसांची यादी वाटते आणि पुढच्या वाचनातली उत्सुकताही संपते. पहिल्या पुस्तकात फ्रान्समधल्या १८५१ च्या सत्तापालटाची पार्श्वभूमी आणि नातलगांची गर्दी आहे. अनेकांचे वाचन तिथेच थांबते, म्हणून ते तीन-चार पुस्तकांनंतर घ्यावे.

इंग्रजीतून वाचणार असाल, तर अनुवादाचे साल अवश्य पाहा. झोलाचे लंडनमधील प्रकाशक हेन्री व्हिझेटेली यांच्यावर १८८८ साली अश्लीलतेचा खटला झाला, आणि फुकट मिळणाऱ्या त्या काळच्या कित्येक अनुवादांतून मजकुरावर कात्री चालवलेली आहे.