आधी गोळी कुणावर रोखली आहे ते बघ

काल कोथरूडला तू गोळ्या चुकवायचा विमानाचा व्हिडिओ गेम खेळत होतास, ते मागे बसून पाहिलं. पडदा गोळ्यांनी भरला की तू अख्खं विमान वाचवायला बघतोस. त्याची गरज नसते. या खेळांत गोळी लागण्याची जागा म्हणजे विमानाच्या चित्राच्या मध्यावरचा जेमतेम काही पिक्सेलांचा ठिपका असतो. पंखांवरून गोळी गेली तरी काही होत नाही. तोहो मालिकेच्या बऱ्याच खेळांत `Shift` दाबून धरलंस की वेग कमी होतो आणि तो ठिपका दिसतो. नजर त्यावर ठेव.

तू मेलास तो पंखा, म्हणजे एकदम पसरत आलेल्या गोळ्या, आठव. तुझ्यावर रोखलेल्या पंख्यात पाच गोळ्या असल्या तर मधली थेट तुझ्यावर येते, थोडं सरकावंच लागतं. चार असल्या तर तू बरोबर फटीत असतोस आणि हललास की मरतोस. काल चारच होत्या, तू घाबरून डावीकडे पळालास.

एकामागून एक गोळ्यांची सलग धार आली तर मात्र उभं राहू नकोस. प्रत्येक गोळी सुटताना तू जिथे असतोस तिथे येते, म्हणून एकाच दिशेने हलके टिचके देत सरक. जोरात पळालास तर कोपरा लवकर येतो, आणि परत फिरायला फट उरत नाही. कोपऱ्याच्या थोडं आधीच एक झटका देऊन धारेत खिंडार पाड आणि त्यातून उलटा निघ.