एका पानाच्या रेझ्युमेत कशाला किती जागा द्यावी?

समर इंटर्नशिप, दोन लाइव्ह प्रोजेक्ट आणि क्लबचे पद एकाच पानात कसे बसवू?

इंटर्नशिपला चार-पाच ओळी द्याव्यात, प्रत्येक प्रोजेक्टला दोन आणि पदाला एक पुरेशी आहे. उदाहरणार्थ, इंटर्नशिपखालच्या 'वितरकांचे सर्वेक्षण केले' अशा ओळीतून केवळ काम दिसते, त्याचा परिणाम दिसत नाही. म्हणून, तसे घडले असल्यास, '40 वितरकांशी बोलून माल उशिरा पोहोचण्याची 3 कारणे शोधली आणि सुचवलेली मागणी-नोंदणीची पद्धत कंपनीने 2 शहरांत सुरू केली' असे लिहावे. शिफारस अमलात आली नसेल, तर 'सुचवली' एवढेच लिहावे, कारण मुलाखतीत नेमका त्यावरच प्रश्न येतो. अर्ज विक्रीच्या पदासाठी असेल, तर दोन प्रोजेक्टपैकी एखादा वित्तविषयक असल्यास तो मी एका ओळीवर आणेन.