फोटोतला भाग इनपेंट केला, म्हणजे एआयकडून पुन्हा रंगवून घेतला, की कडेला जोड दिसतो. मास्क ब्लर ४ वरून ३० वर नेला तरी जात नाही. फेदर नक्की किती ठेवायचं?

३० वर गेलात म्हणजे तुम्हालाही कोणीतरी "फेदर वाढवा, सगळं झाकलं जातं" असं सांगितलेलं दिसतंय. आमच्याकडे हे सांगणारे आमचे मेव्हणे आहेत. त्यांचं लग्नाच्या अल्बमचं काम, माझं जुने फोटो दुरुस्त करायचं. हा वाद आमच्यात प्रत्येक सणाला जेवणाच्या पानावर होतो, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

एक गिऱ्हाईक आजोबांचा कृष्णधवल फोटो घेऊन आलं. ६ बाय ८ इंचांची प्रिंट, फेटा, काळा कोट, मागे चुन्याची भिंत. आजोबांच्या खांद्यावर धाकट्या भावाचा हात. भाऊ स्वतः फोटोत नाही, कारण घरातल्या कोणीतरी त्याला आधीच कात्रीनं कापून टाकलेलं. जमिनीचा दावा. पण खांद्यावरचा पंजा आणि कडेपर्यंतची बाही कात्रीला काढता आली नव्हती. "वर्षश्राद्धाला फ्रेम लावायचीय, तेवढा हात घालवा." मी ६०० डीपीआयला स्कॅन केला, म्हणजे ३६०० बाय ४८०० पिक्सेल. हे माप लक्षात ठेवा, ब्लरचा आकडा मापाशिवाय सांगण्यात काही अर्थ नसतो.

मेव्हणे त्या दिवशी दुकानातच होते. "दाजी, सरका." त्यांनी AUTOMATIC1111 या एआय प्रोग्रॅममध्ये पंजाच्या कडेकडेनं अगदी नेटका मास्क रंगवला, म्हणजे कुठे नवं काढायचं ते दाखवलं, फक्त मास्कजवळचा तुकडा घेणारं `Only masked` निवडलं आणि मास्कची कड मऊ करणारा `Mask blur` स्लायडरच्या टोकाला, ६४ वर नेला. निघालेल्या फोटोत खांद्यावर अर्धपारदर्शक अंगठा होता. पिशाच्चानं हात ठेवावा तसा. वर कोटाच्या विणीवर धुकट पट्टा. त्यांचं म्हणणं, "मॉडेल भिकार आहे." मॉडेलनं कोट चांगला काढला होता, वाट लावली ती ब्लरनं.

ब्लर मास्कच्या रेषेपासून बाहेर जातो तसा आतही येतो. या प्रोग्रॅममध्ये त्याची पोच दोन्ही बाजूंना आकड्याच्या साधारण अडीच पट असते. ४ ठेवला तर १० पिक्सेल, ६४ ठेवला तर १६०. आता नवं चित्र तयार होताना मास्क आतल्या आत पुन्हा कडक काळा-पांढरा केला जातो, मऊपणा तिथे वापरलाच जात नाही. तो वापरला जातो शेवटी, नवा तुकडा मूळ फोटोवर चिकटवताना. म्हणजे मास्कच्या रेषेच्या आत जी मऊ पट्टी असते, तिथे नवा कोट आणि जुना हात यांची मिसळ होते. तो अंगठा स्कॅनमध्ये शंभरेक पिक्सेल रुंद होता. ६४ च्या ब्लरनं त्याच्या बरोबर मध्यावरसुद्धा मास्क छप्पन्न-सत्तावन्न टक्क्यांवर येतो, बाकीचा जुना अंगठा तसाच. कडेला तर जुनाच जास्त. तुमच्या ३० मध्येही काढलेल्या वस्तूची सावली उरल्यासारखी दिसत असेल तर कारण हेच.

म्हणून आधी मास्क वाढवायचा आणि मग मऊ करायचा. ब्लर ८ हवा असेल तर मास्क वस्तूच्या बाहेर किमान २० पिक्सेल गेला पाहिजे, म्हणजे मऊ पट्टीत वस्तू येतच नाही. मी मास्क गिंप या फोटो एडिटरमध्ये करतो, `Select` मेनूतल्या `Grow` नं वाढवतो आणि `Inpaint upload` मध्ये देतो. हाताची सावलीही मास्कमध्ये घ्या. ती राहिली तर मॉडेल इमानदारीनं त्या सावलीला शोभेल अशी एखादी वस्तू काढून देतं. मास्कभोवतीचा किती भाग मॉडेलला दाखवायचा ते ठरवणारं `Only masked padding` मुळात ३२ असतं. एवढ्या मोठ्या स्कॅनला ते फार कमी, मॉडेलला भिंतीचा उजेड कुठून कुठे उतरतोय तेच दिसत नाही. मी २०० च्या आसपास ठेवतो. आणि पंजा आणि बाही एकत्र करू नका. मोठा तुकडा आधी लहान करून रंगवला जातो, मग ताणून परत बसवला जातो, आणि तो ताण मऊपणा म्हणून दिसतो. मी आधी बाही घालवली, मग पंजा.

आता मेव्हण्यांना जे आजवर पटलेलं नाही ते. या एका हाताच्या कडेला दोन वेगळे जोड होते. बाहीचा जोड भिंतीवर, पंजाचा कोटावर. भिंतीवर बारकावा काही नाही, नुसता टोनचा उतार. तिथे पाच-सहा पायऱ्यांचा फरक दहा पिक्सेलमध्ये मिटवायला गेलात तर डोळ्याला रेघ दिसतेच. तोच फरक दीडशे-दोनशे पिक्सेलवर पसरला की दिसत नाही. कोटावर उलटं. तिथे वीण आहे, शिवण आहे, कॉलरची धार आहे. रुंद फेदर दिलं की नवी वीण आणि जुनी वीण एकमेकींवर चढून दोन्ही पुसट होतात, आणि धार असेल तर ती दुहेरी दिसते. एकच आकडा दोन्हीकडे चालणं शक्य नाही. हे काही माझं संशोधन नव्हे. बर्ट आणि एडलसन यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं की सावकाश बदलणारा टोन रुंद पट्ट्यात जोडावा आणि बारीक तपशील अरुंद पट्ट्यात.

त्यामुळे मी मास्क भिंतीच्या बाजूला ढिला ठेवला, जवळपास २०० पिक्सेल जास्तीचा, आणि कोटाच्या बाजूला हाताला धरून, वीस-पंचवीस पिक्सेल सोडून. ब्लर ८. निघालेला निकाल गिंपमध्ये मूळ स्कॅनच्या वर लेयर म्हणून ठेवला, लेयर मास्क दिला, आणि भिंतीकडून तीनशे पिक्सेलच्या मऊ ब्रशनं काळा रंग आत आणला. मास्क ढिला असल्यामुळे एवढं पसरायला नवी भिंत हाताशी होती. कोटाकडे दहा पिक्सेलचा ब्रश, आणि जोड मुद्दाम आजोबांच्या कोटाच्या शिवणीवरून आणि एका घडीवरून नेला, मोकळ्या कापडावरून नाही.

पण मऊ ब्रश उचलण्याआधी टोन जुळवा. गिंपच्या हिस्टोग्रॅममध्ये निवडलेल्या चौकोनाचा `Mean` आणि `Std dev` दिसतो, म्हणजे सरासरी टोन आणि त्यातला चढउतार. जुन्या भिंतीचा चौकोन १७८ दाखवत होता, शेजारचा नवा १८४. नव्या लेयरला `Curves` नं तेवढं खाली आणलं की फेदरला करायला फार थोडं उरतं.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. जुन्या भिंतीचा `Std dev` ७ होता, नव्या भिंतीचा ३. म्हणजे दाणा, प्रिंटची बारीक खरखर, नाही. जुन्या प्रिंटला दाणा असतो, मॉडेल गुळगुळीत भिंत देतं, आणि लोक ज्याला जोड म्हणतात तो बहुतेक वेळा हा दाण्यातला फरक असतो. फेदर इथे मदत तर करत नाहीच, उलट घाण करतं. अर्धा जुना, अर्धा नवा असं मिसळलं की मध्यावर दाणा निम्म्यावर येतो. समजा नव्या भागात तेवढाच दाणा आहे, तरी दोन वेगवेगळे दाणे निम्मे-निम्मे मिसळल्यावर ७१ टक्केच उरतात. म्हणून फेदर जेवढं रुंद, तेवढा गुळगुळीत पट्टा रुंद. तुमचा ३० वर न जाणारा जोड मला हाच वाटतोय.

यावर उपाय म्हणजे दाणा शेवटी, वेगळ्या लेयरवर. ५० टक्के करडा लेयर, त्यावर कृष्णधवल नॉइज, मग त्याला एक पिक्सेलच्या आतला ब्लर, कारण स्कॅनमधला दाणा कधी एका पिक्सेलएवढा नसतो. लेयर मोड `Grain merge`. त्याचा मास्क नव्या भागाच्या थोडा बाहेर, त्या मऊ पट्टीच्या मध्यापलीकडे जाऊ द्या. मग पुन्हा दोन्हीकडचे `Std dev` बघत नॉइज कमी-जास्त करा. मी ६.८ वर थांबलो.

तपासायचं कसं? सगळ्यात वर `New from Visible` नं तात्पुरता एक लेयर घेऊन त्याच्यावर `Curves` मधला कर्व्ह अगदी उभा करा. टोनचा जोड ढगासारखा वर येतो. मग १०० टक्के झूमवर दाणा. मग फोटो अंगठ्याच्या नखाएवढा छोटा करून बघा, भिंतीवर डाग दिसला तर टोन अजून जुळलेला नाही. तिन्ही वेगवेगळे दोष पकडतात.

मेव्हण्यांचा युक्तिवाद असा की त्यांच्या अल्बममध्ये २० पिक्सेल फेदर नेहमी चालतं. चालणारच. डिजिटल कॅमेऱ्याचा गुळगुळीत फोटो, मागची सजावट आधीच धूसर, त्यात जोड मिसळायला काही अडचणच नाही. त्यांनी तीच युक्ती चुन्याच्या भिंतीला आणि लोकरी कोटाला लावला आणि वर मला सांगितलं की मी उगाच तास घालवतो. गिऱ्हाइकानं फ्रेम नेली तेव्हा आधी खांद्याकडेच बघितलं, हे ते सोयीनं विसरतात. पुढच्या वेळी हे उत्तरच त्यांना पाठवणार आहे.

आता राहिलेलं. फोटो फक्त व्हॉट्सॲपवर जायचा असेल तर यातलं निम्मं सोडून द्या, तिथे छोटा होताना दाणा तसाही मरतो. AUTOMATIC1111 ऐवजी कम्फी हा प्रोग्रॅम वापरत असाल तर एक वेगळी भानगड आहे: तिथे सगळा फोटो डिकोड होऊन बाहेर येतो, मास्कबाहेरचा भागही किंचित बदलतो, म्हणून शेवटी `ImageCompositeMasked` नं मूळ फोटो खाली घालावाच लागतो. आणि AUTOMATIC1111 च्या नव्या आवृत्तीतलं `Soft inpainting` चालू केलंत तर माझं "मऊपणा वापरला जात नाही" हे वाक्य लागू नाही. तिथे रंगवतानाच मऊ मास्क वापरला जातो आणि जास्त ब्लर लागतोच. एखादी गोष्ट बदलायची असेल तर ते छान आहे. हात पूर्ण घालवायचा असेल तर मऊ पट्टीत तो थोडा शिल्लक राहतो, म्हणून मी अशा कामाला बंदच ठेवतो.