सावळ्या त्वचेवर लेझर: चटका नेमका कुठे बसतो?

डॉक्टर, माझा रंग चांगलाच सावळा आहे. एका क्लिनिकमध्ये म्हणाले, केस काढायचं लेझर तुम्हाला चालणार नाही. दुसरीकडे म्हणाले, आमचं मशीन सगळ्यांना चालतं. खरं कोणाचं मानू?
– वाचक, लालबाग

दोघांचंही मानू नका. तुमच्या त्वचेवर लेझर करता येतं, पण कुठलंही मशीन कसंही फिरवून नाही.

लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्यात, म्हणजे मेलॅनिनमध्ये शोषला जातो. तिथे त्याची उष्णता होते आणि ती केसाच्या मुळाला जाळते. अडचण अशी की तेच मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरातही असतं. गोऱ्या त्वचेत ते कमी असल्यामुळे प्रकाश बराचसा खाली मुळापर्यंत पोचतो. सावळ्या त्वचेत त्यातला मोठा वाटा वरच अडकतो आणि वरचा थर तापतो. चटका बसतो तो इथे. त्वचा ‘नाजूक’ आहे म्हणून नव्हे, तर प्रकाशाला केसाच्या आधी तीच सापडते म्हणून.

त्वचेचे उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादानुसार सहा प्रकार करतात. आपल्याकडचे बहुतेक लोक चौथ्या आणि पाचव्या प्रकारात मोडतात. अशा त्वचेसाठी मी पहिली चौकशी लेझरच्या तरंगलांबीची करते. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेवर उत्तम, तुमच्यासाठी नको. ८०० ते ८१० चा डायोड चौथ्या प्रकारावर जपून वापरता येतो. १०६४ चा लाँग पल्स एनडी याग खोल जातो आणि मेलॅनिनमध्ये सगळ्यात कमी अडकतो, म्हणून पाचव्या-सहाव्या प्रकाराला तोच बरा. त्याची किंमतही मोजावी लागते: तो जास्त टोचतो आणि बारीक केसांवर त्याचा जोर कमी पडतो. आयपीएल हे लेझरच नव्हे, त्यात अनेक तरंगलांब्या एकत्र असतात. गडद त्वचेवर मी ते केसांसाठी वापरत नाही.

दुसरी गोष्ट, प्रकाशाचा एक ठोका किती वेळ चालतो. वरचा पातळ थर उष्णता पटकन सोडतो, जाड केसाचं मूळ ती धरून ठेवतं. म्हणून सावळ्या त्वचेवर ठोका लांबवतात, ३० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त. तेवढ्या अवधीत त्वचेला निवायला वाव मिळतो. याच्या जोडीला सतत गारवा हवा, थंड काचेचं टोक असो की गार हवेचा झोत.

क्लिनिकमध्ये हे तिन्ही विचारा, आणि टेस्ट पॅच मागा. तो ज्या भागावर लेझर करायचं आहे तिथेच घ्या आणि किमान दोन आठवडे थांबा. आपल्या त्वचेत लाली दोन दिवसांत जाते, पण काळा डाग मागाहून उमटतो. सकाळी पॅच आणि संध्याकाळी पूर्ण सेशन असं कोणी म्हणत असेल तर त्या पॅचला अर्थ नाही.

लेझर करून अठरा दिवस झाले. दोन्ही पोटऱ्यांवर चौकोनी काळे डाग आलेत, रांगेत, जणू शिक्के मारलेत. तिथली मुलगी म्हणते डेड स्किन आहे, जाईल, पुढच्या सेशनला या. जाऊ का?
– वाचक, भांडुप

नाही. हे डाग पूर्ण जाईपर्यंत त्या भागावर एकही ठोका घेऊ नका. लेझरच्या टोकाच्या आकाराचे डाग म्हणजे वरचा थर भाजल्याची खूण, डेड स्किन नव्हे.

गेल्या वर्षी अशीच एक सव्वीस वर्षांची मुलगी माझ्याकडे आली होती. पहिली दोन सेशन डायोडवर नीट झाली होती. मग ती मैत्रिणींबरोबर दोन दिवस अलिबागला जाऊन आली, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून समुद्रात उभी राहिली. आठ दिवसांनी तिसरं सेशन होतं. कार्डावर मागच्या वेळची एनर्जी लिहिलेली होती, तीच लावली गेली. पाय आता दोन छटा गडद झालेत, हे कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. तिच्या त्वचेचा प्रकार जन्मभर तोच राहणार, पण त्या दिवशी वरच्या थरात मेलॅनिन वाढलेलं होतं. मागच्या महिन्यात झेपलेली एनर्जी या वेळी जास्त झाली.

दुसऱ्याच पोटरीला तिला नेहमीपेक्षा वेगळी आग जाणवली. ‘थोडं सहन करा’ असं उत्तर मिळालं. इथे थांबायला हवं होतं. लेझर बरोबर लागलं तर पाच-दहा मिनिटांत प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक फुगवटा आणि थोडी लाली येते, पिसं उपटलेल्या कोंबडीच्या कातडीसारखी. ती काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत बसते. पण त्वचा जागेवर राखाडी किंवा पांढरट झाली, वरचा पापुद्रा सरकतोय असं वाटलं, किंवा सलग चौकोन लाल झाला, तर उष्णता मुळाशी नाही, वर गेली आहे. गडद त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून करणाऱ्याने चांगल्या उजेडात मधूनमधून थांबून पाहायचं असतं आणि तुमच्या ‘खूप भाजतंय’ला मान द्यायचा असतो.

घरी आल्यावर तिच्या आईने बर्फ चोळला, मग हळद-तूप लावलं. तसं करू नका. नळाचं साधं गार पाणी वीस मिनिटं सोडायचं, एवढंच. फोड आला तर फोडायचा नाही, साधं व्हॅसलीन लावून झाकायचा आणि त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचा. पहिल्या काही दिवसांत योग्य मलम मिळालं तर दाह कमी होतो, आणि दाह जितका कमी तितका डाग फिका.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिसरा आठवडा होता. खपल्या पडून गेल्या होत्या आणि खाली तपकिरी चौकोन उरले होते. भाजलेल्या त्वचेने दाहामुळे जादा रंग तयार केला होता. मी तिला उन्हापासून जपायला सांगितलं, दिवसा आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन दिलं, कारण नुसता दिसणारा उजेडही आपल्या त्वचेचा डाग गडद करतो, आणि रात्री अॅझेलाइक अॅसिड. पाच महिन्यांत बहुतेक चौकोन त्वचेत मिसळून गेले. दोन जागा मात्र उलट फिक्या पडल्या होत्या. तिथे रंग तयार करणाऱ्या पेशीच दुखावल्या होत्या. असे पांढरट डाग भरायला काळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि क्वचित ते कायमचे राहतात. तिचे नवव्या महिन्यात भरले.

तुमचे डाग काळे आहेत, हे त्यातल्या त्यात बरं. आज उजेडात त्यांचे फोटो काढून ठेवा. सेशनच्या कार्डाची प्रत मागा. मशीन, एनर्जी आणि पल्स त्यावर असायला हवेत. खासगीत जाणं शक्य नसेल तर केईएम, सायन किंवा नायरच्या त्वचारोग विभागात दाखवा. मेडिकलवाल्याकडून ‘गोरं करणारी’ ट्यूब मात्र घेऊ नका. त्यांत बऱ्याचदा तीव्र स्टिरॉइड असतं. डाग आधी फिका दिसतो आणि काही महिन्यांत त्वचा पातळ होऊन नवं दुखणं सुरू होतं.

मला पीसीओडी आहे. हनुवटीवर सहा सेशन झाली. हनुवटी बरी आहे, पण आता गालाच्या कडेला आणि गळ्याजवळ आधी नव्हते असे केस आलेत. हे लेझरमुळेच का?
– वाचक, डोंबिवली

तशी शक्यता बरीच आहे, आणि तुम्ही हे ताडलंत ते चांगलं केलंत. लेझरच्या कडेकडेने केस वाढणं हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. तो जास्त करून चेहऱ्यावर आणि गळ्यावर, आपल्यासारख्या त्वचेत आणि हार्मोन्सचा त्रास असलेल्या बायकांत दिसतो. मूळ जाळायला अपुरी पण निजलेल्या मुळाला जागं करायला पुरेशी उष्णता मिळाली की असं होतं, असं मानलं जातं.

त्यातली कोंडी अशी. चटक्याच्या भीतीने एनर्जी फार खाली ठेवली तर हे होतं, आणि घाईने वर नेली तर भाजतं. म्हणून मी गालाच्या कडेच्या मऊ लवेला लेझरने कधीच हात लावत नाही, गिऱ्हाईक म्हणालं तरी. लव बारीक आणि फिकी असते, तिच्यात प्रकाश पकडायला फारसं काही नसतं. फक्त जाड, काळा केस घ्यायचा आणि भोवतालची त्वचा गार ठेवायची.

आता नव्याने आलेले केस खरोखर जाड आहेत का, हे भिंगाखाली पाहून घ्या. असतील तर एनडी यागवर पुरेशा एनर्जीने त्यांच्यावर काम करता येतं. त्याबरोबर हार्मोन्सच्या तपासण्या आणि औषधं स्त्रीरोगतज्ज्ञांकडून चालू ठेवा. शरीर नवे केस तयार करत असेल तर सहा सेशनने विषय संपत नाही, वर्षातून एक-दोनदा परत यावं लागतं. ‘कायमचे केस जातील’ असं तुम्हाला सांगितलं गेलं असेल, तर ते चूक होतं.

आईच्या हनुवटीवर केस येतात, काही काळे, काही पांढरे. हनुवटीवर जुनं गोंदणही आहे. ती बासष्ट वर्षांची आहे. लेझर करू का?
– वाचक, वरळी

गोंदणावर अजिबात नको. ते ठिपके कार्बनचे असतात, लेझर त्यांना केसापेक्षा जोरात पकडेल आणि तिथेच फोड येईल. ठिपक्यांपासून अंतर राखून काळ्या केसांवर करता येईल. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसतं, त्यांच्यावर कितीही पैसे घाला, फरक पडणार नाही. त्यांना इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे बारीक सुईतून वीज देऊन एकेक मूळ मारणं, किंवा सरळ दोऱ्याने काढणं.

डिसेंबरमध्ये लग्न आहे, आता सप्टेंबर चालू आहे. हात-पाय, काखा सगळं करायचंय. दर पंधरा दिवसांनी केलं तर होईल ना?
– वाचक, दादर

पंधरा दिवसांनी करून फायदा नाही. लेझर फक्त वाढीच्या टप्प्यातल्या केसावर काम करतं, आणि एका वेळी सगळे केस त्या टप्प्यात नसतात. अंगावर सहा ते आठ आठवड्यांचं अंतर लागतं आणि अशी सहा ते आठ सेशन. टेस्ट पॅचचे दोन आठवडे धरले तर लग्नाआधी तुमची जेमतेम दोन होतील. त्यामुळे या मुदतीत फक्त काखा करा. तिथले केस जाड असतात, फरक लवकर दिसतो. हात-पायांचं लग्नानंतर सुरू करा.

काखांचं शेवटचं सेशन लग्नाच्या किमान चार आठवडे आधी संपवा, म्हणजे डाग पडलाच तर तो कळायला आणि त्यावर उपचार सुरू करायला वेळ राहील. सुरुवातीच्या महिनाभर आधीपासून तिथे वॅक्सिंग बंद, कारण मूळच उपटलं तर प्रकाशाला पकडायला काही उरत नाही. रेझर चालतो, उलट आदल्या दिवशी फिरवूनच या. वर उरलेला केस लेझरखाली जळतो आणि त्याचा चटका त्वचेला बसतो. पुढे हातांचं करायला याल तेव्हा मेंदीचा रंग पूर्ण उतरलेला असू दे.