अर्ज भरला म्हणजे उमेदवार झाला असं नाही

पहिल्यांदा मत देणार असाल तर आधी मतदारसंघ समजून घ्या. तुमचा मतदारसंघ मतदारयादीतल्या नावावरून ठरतो, आजच्या मुक्कामावरून नाही. महाराष्ट्रात सहा विधानसभा मतदारसंघ मिळून एक लोकसभा मतदारसंघ होतो, म्हणून दोन्ही निवडणुकांतली उमेदवारांची यादी वेगळी असते.

बातमीत 'अमक्याने अर्ज भरला' असं येतं, ते फक्त नामनिर्देशन. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला त्याच मतदारसंघातला एक सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवणारा मतदार, लागतो, अपक्षाला दहा. सूचकाचं नाव तिथल्या यादीत नसेल तर छाननीत अर्ज बाद होऊ शकतो. छाननीनंतर माघारीची मुदत असते. ती संपली की उरलेली नावंच मतदानयंत्रावर येतात, तोवर कोण लढतंय याची चर्चा अर्धवटच!

जाहीरनामा म्हणजे पक्षाची आश्वासनं. ती पाळली नाहीत म्हणून निवडून आलेल्याची जागा जात नाही.

पोटनिवडणूक आणि फेरमतदान यांत बरेच जण गोंधळतात. फेरमतदान गडबड झालेल्या केंद्रापुरतं असतं. पोटनिवडणूक मात्र जागा रिकामी झाल्यावर संपूर्ण मतदारसंघात होते. २०२४ मध्ये राहुल गांधी वायनाड आणि रायबरेली अशा दोन जागांवर जिंकले. दोन जागा लढवता येतात, पण ठेवता एकच येते. त्यांनी वायनाड सोडलं आणि नोव्हेंबरमध्ये फक्त तिथल्याच मतदारांनी पुन्हा खासदार निवडला. अशी जागा साधारण सहा महिन्यांत भरावी लागते. सभागृहाची मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल, तर ती रिकामीही राहू शकते.